सकाळच्या गाडीचं आभारपत्र

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात येणारी सकाळची एसटी बंद झाली, तेव्हा आम्ही मुली फाट्यापर्यंत चालत जाऊन शाळेसाठी दुसरी गाडी धरायचो. आईनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, त्यावर गावातल्या बायांच्या सह्या घेऊन तो आगारप्रमुखांकडे दिला आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा गावात आली.

मी खूश होते, पण आई म्हणाली, "तक्रार करताना दोन पानं लिवलीस. आता काम झालं तर एक पान न्हाई का?"

मग मी लिहिलं, की आमच्या अर्जावरून गाडी सुरू झाली, ती सुट्टीतही येईल असं आपण तोंडी सांगितलं, तक्रार मिटली, आपले आभार आणि हे पत्र दप्तरी ठेवावं.

पत्र घेऊन आम्ही दोघी आगारात गेलो. आगारप्रमुखांनी ते वाचलं आणि आईला म्हणाले, "बाई, सुट्टीत गाडी येणार न्हाई म्हणलो होतो. शाळेच्या दिवशीच."

मला वाटलं आई भांडेल. ती माझ्याकडे वळली. "मंग बराबर तसंच लिव. नंतर कुणी म्हणायला नको, की कबूल केलं ते केलं न्हाई."

तिथल्याच बाकावर बसून मी पत्र नव्यानं दोन प्रतींत लिहिलं. त्यांनी आवक शिक्का मारून आमची प्रत परत दिली आणि आईसाठी चहा मागवला.

आता मी जालन्यात नोकरी करते. मैत्रिणींनी एकमेकींसाठी धरून ठेवलेल्या त्या गाडीतल्या जागा मात्र अजून आठवतात, आणि खिडकीशी बसण्यावरून होणारी आमची भांडणंही.