हंडीतली घंटा

खडकीतल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा राहणार की जाणार, हे एका घंटेवर ठरणार होतं. निदान माझी तशी समजूत होती. संस्थेच्या अध्यक्षांना त्या खोलीत मोठ्या पडद्याचा डिजिटल वर्ग हवा होता. मी विज्ञान शिकवते आणि फार कटकट करते, म्हणून त्यांनी एवढी मेहरबानी केली: एक प्रयोग बघू, मग ठरवू.

मी निर्वात हंडीचा प्रयोग निवडला. लोखंडी तबकडीवर काचेची हंडी उपडी घालायची, आत बॅटरीवरची घंटा वाजत ठेवायची आणि खालून पंपानं हवा ओढून घ्यायची. आवाज विरत जातो, पण छोटी हातोडी घंटेवर आपटताना दिसतच राहते. हे पाहून भलेभले गप्प होतात. अध्यक्षही होतील, अशी माझी भाबडी आशा.

मदतीला आठवीतली एक मुलगी घेतली होती. तिला प्रश्न विचारल्याशिवाय चैन पडत नसे. आदल्या दिवशीच्या तालमीत आवाज जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आवाज आणि उजेड दोन्ही एकाच रिकाम्या जागेतून येतात ना? मग घंटा दिसते कशी?"

मी तिला प्रार्थनेच्या रांगेची आठवण करून दिली. मागचा ढकलतो, धक्का पार पुढच्यापर्यंत जातो, पण पोरं आपापल्या जागीच. आवाज तसाच असतो. घंटा थरथरते, शेजारचे हवेचे कण हलतात, ते पुढच्यांना हलवतात आणि शेवटी आपला कानाचा पडदा हलतो. मधली पोरंच काढून टाकली तर धक्का कोण पोचवणार? प्रकाशाचं तसं नाही. तो विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट. एक क्षेत्र बदललं की दुसरं निर्माण होतं, दुसरं बदललं की पुन्हा पहिलं. ही लाट आपली आपण पुढे जाते, तिला मध्ये कोणी लागत नाही.

"म्हणून सूर्य दिसतो, पण ऐकू येत नाही," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिला घरी जाताना वडापाव खाऊ घातला.

आता आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटले की आधी साफसफाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गावर होते, तेवढ्यात प्रयोगशाळेची झाडलोट झाली. घंटेखाली एक काळपट, मळका स्पंज असायचा. तो कोणीतरी कचऱ्यात टाकला आणि तिथे पॉलिश केलेला लाकडी ठोकळा ठेवला. बरोबरच होतं म्हणा, स्पंज दिसायला घाणेरडा होता. अध्यक्ष दारात आले, तेव्हा कुठे मला ते दिसलं. तोवर शिपायानं कडेला व्हॅसलीन लावून हंडी बसवली होती आणि पंपही सुरू केला होता.

पंपानं त्याचं काम चोख केलं. आवाज थोडा कमी झाला आणि तिथेच अडला. घंटा वाजत राहिली. अध्यक्ष कान पुढे करून म्हणाले, "वाजतेय की हो, बाई."

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी वाकली आणि तिनं टेबलाला कान लावला. मग ताठ उभी राहून म्हणाली, "सर, हा आवाज हवेतून येत नाहीये. खाली स्पंज नाही, म्हणून तो ठोकळ्यातून तबकडीत जातोय, तिथून टेबलात. आवाजाला लाकूड-लोखंडही चालतं. इथे कान लावून बघा ना."

त्या वेळी तिचा मला जितका अभिमान वाटला, तितका कुणाचाच कधी वाटला नाही. अध्यक्षांनी कान लावला नाही. मुलगी हुशार आहे, असं ते मुख्याध्यापकांना म्हणाले आणि सोबतच्या माणसाला भिंतीची मापं घ्यायला सांगितलं. त्यानं खिशातून टेप काढली. ती घेऊनच तो आला होता. मग मला कळलं की घंटा अगदी मुकी झाली असती, तरी काही फरक पडला नसता. कचऱ्यातून स्पंज शोधून आणावा, एवढंही बळ माझ्यात उरलं नाही.

पंप भंगारात गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर पडदा लागला आणि आवाजाचा धडा मी त्या पडद्यावर शिकवला. चित्रफितीत हंडी स्वच्छ होती, घंटा चकचकीत. हवा काढल्याबरोबर आवाज पूर्ण थांबला, हातोडी हलत राहिली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

ती मुलगी टाळ्या न वाजवता बसून होती. टाळ्या थांबल्यावर तिनं हात वर केला.

"बाई, त्यांनी खरंच हवा काढली, की नुसता आवाज बंद केला? हे आपल्याला कसं कळणार?"

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे कान लावण्यासारखं काहीच नव्हतं. नाही कळणार, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि वहीत बाकीच्यांसारखं पडद्यावरचं उत्तर उतरवून घेतलं. त्यानंतर वर्षभर तिनं मला काहीही विचारलं नाही.