कुबडी फोटोत नको

"उभी राहा," सर म्हणाले.

मी उभी राहिले. बाकी सगळा वर्ग बसलेला. सरांच्या हातात माझा निबंध होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला 'सत्कार' नावाची युद्धकविता होती, तिच्यावर लिहायचं होतं. सरांनी माझं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. "'ही कविता जवानाले नाही, सत्कार करणाऱ्याले टोचते.' जवानाले! करणाऱ्याले!" त्या 'ले'वर त्यांनी असा हेल काढला की मागचा बाक खिदळला. मग पुढचा. माझ्या शेजारची पोरगी तोंडाला ओढणी लावून हसली. रोज माझ्या डब्यातलं खाणारी पोरगी.

"हा निबंध आहे की भाजीबाजार?"

माझे बाबा नांदुऱ्याच्या बाजारात वांगी अन् पालक विकतात. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, सरांनाही. सरांच्या घरची मोठी शेती, मुलं पुण्यात. त्यांना पालकाची जुडी बांधावी लागली नाही कधी.

"भाऊ सैन्यात होता ना तुझा? जवानाच्या घरची मुलगी असं लिहिते? लाज वाटत नाही?"

वाटत होती ना. कान तापले होते. लिहिताना घरची बोली आत घुसली कशी, हेच मला कळेना. मग सरांनी विचारलं, "कवी चिडलाय म्हणतेस. कोणत्या ओळीत चिडलाय? पुरावा दाखव."

मला एक ओळ दाखवता आली नाही. तास संपेपर्यंत मी उभीच होते.

ती कविता आठ ओळींची. पहिल्या चार अशा:

उभा राहा वीरा, ताठ ठेव मान,
तुझ्या पावलांचा धरेला अभिमान.
गर्जू दे नगारे, उधळू दे फुले,
तुझ्या गीतावरती वाढतील मुले.

या चार ओळी मला आधीपासून पाठ होत्या. आदल्या वर्षी पंधरा ऑगस्टला कॉलेजात माझ्या भावाचा, दादाचा, सत्कार होता. सीमेवर सुरुंग फुटला अन् त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. "बहिणीनंच कविता म्हणावी, लोक भारावतील," असं ठरलं अन् मला चिठ्ठीवर चार ओळी लिहून मिळाल्या. मी गर्जून म्हटल्या. टाळ्या पडल्या. मग पाहुण्यांच्या मध्ये दादाला उभं केलं अन् संयोजकांपैकी एक जण पुढे आला. "ती काठी घ्या जरा बाजूला. फोटोत बरी दिसत नाही." कुबडी काढून घेतली. दादा एका पायावर, एका पाहुण्याच्या खांद्याला धरून. शाल अर्धी खाली घसरलेली. फोटोवाला म्हणतोय, हसा. मी माइकपाशी होते, चार पावलांवर. मी खाली मान घालून चपलेकडं पाहत राहिले.

यंदा पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं की कविता तिथं संपतच नाही. पुढं आहे:

शाल आहे. नारळ आहे. पाहुणे आले.
खुर्ची एक कमी पडली.
कुबडी बाजूला ठेवा, फोटोत नको.
उभा राहा वीरा.

वाचलं अन् तो फोटो आठवून संताप आला. त्याच रागात मी तो पहिला निबंध खरडला होता. राग खरा होता, पण तो माझा होता. कवितेतला राग कुठं आहे ते मी दाखवलंच नव्हतं.

वर्गात अपमान झाला त्या दिवशी संध्याकाळी दादा ओट्यावर बसला होता. मी रडून घेतलं होतं, तोंडही धुतलं होतं, तरी त्यानं ओळखलं. मी सगळं सांगितलं.

"असं काही लिहू नको वं," तो म्हणाला. "लोकं म्हनतीन पेन्शन खाते अन् नावं ठेवते."

"मंग काय लिहू? तुले तसं उभं केलं ते बरं होतं काय?"

त्यानं कुबडी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "फोटोवाल्याचं सोड. तू काऊन माह्याकडं पाह्यलं नाही त्या दिवशी?"

मला तोंड वर करवेना. वर्गात वाटली ती लाज काहीच नव्हती. त्याला वाटत होतं की मलाही त्याच्या पायाची लाज वाटते. कसं सांगू बाप्पा, मला त्या चार ओळी गर्जणाऱ्या माझ्या आवाजाची लाज वाटत होती.

मी निबंध पुन्हा लिहायला बसले. सरांचा जीव जळावा म्हणून नाही. दादाला उत्तर द्यायचं होतं.

या वेळी आधी स्वतःला विचारलं, कवितेत बोलतंय कोण? कवी नाही. बोलतोय तो समारंभातला माणूस. कवी स्वतः एक अक्षर बोलत नाही, म्हणून तर मला राग सापडत नव्हता. मग पहिल्या चार ओळी मी खऱ्या मानून लिहिल्या. थट्टा केली नाही. यमक, नगारे, फुलं, सगळा थाट जसाच्या तसा मांडला, कारण वर चढवल्याशिवाय खाली पडलेलं दिसत नाही. मग पाचवी ओळ धरली. यमक तुटतं. वाक्यं तुटक होतात, सामानाची यादी वाचावी तशी. शाल, नारळ, पाहुणे एका रांगेत, अन् त्यात वीर कुठंच नाही. मग कुबडी येते. ती आली की वाचणाऱ्याला मागं जावं लागतं, दुसऱ्या ओळीतल्या 'पावलांचा' शब्दापाशी, अन् तो अभिमान घशात अडकतो. शेवटी पहिलीच हाक पुन्हा येते, पण 'ताठ ठेव मान' गळलेलं. तेच शब्द पहिल्यांदा गौरव होते, आता हुकूम आहेत. कवीनं शब्द बदलले नाहीत, त्यांच्या भोवतीचं बदललं. खाली निष्कर्ष लिहिला: उपरोध सैनिकावर नाही, देशावर नाही. तो त्या भाषणावर आहे, ज्याला सैनिक हवा पण त्याची जखम नको.

सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. निबंध त्यांनी दोनदा वाचला असावा, कडेला पेन्सिलच्या खुणा होत्या.

"मांडणी ठीक आहे," ते म्हणाले. "निष्कर्ष बदल. वीररस लिही. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत. आणि यंदाही तुझ्या भावाला बोलावलंय. कविता तूच म्हण. पहिल्या चार ओळी, वेळ कमी असतो."

मी पेन्सिलच्या खुणांवर बोट ठेवलं.

"सर, तुम्ही पुरावा मागितला होता. तो दिला. निष्कर्ष त्यातूनच निघते, मी नाही बदलणार. अन् म्हणीन तर आठ ओळी म्हणीन."

"निघते नाही, निघतो."

"हाव सर. निघतो. पण बदलणार नाही."

गुण कापले. कविता दुसऱ्या मुलीला दिली, चार ओळींची चिठ्ठी करून.

परवा पंधरा ऑगस्ट आहे. मी दादाला निबंध वाचून दाखवला. त्यानं कुबडीचं झिजलेलं रबर तेवढं बदलून आणायला सांगितलं. तो येणार आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. ती मुलगी चौथ्या ओळीवर थांबेल, टाळ्या पडतील. टाळ्या संपल्या की मी उभी राहीन, या वेळी कोणी न सांगता, अन् उरलेल्या चार ओळी म्हणीन. हसू द्या ज्याला हसायचं त्याला. म्हणताना मी दादाकडंच पाहीन.