त्रेचाळिसाव्या उदाहरणाचा पडताळा

बाई भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचे यजमानही. एकाच कॉलेजात, एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर बत्तीस वर्षं. पोरं यजमानांना नुसतं ‘सर’ म्हणायची आणि बाईंना, पाठीमागे अर्थातच, ‘पडताळाबाई’. कारण बाईंच्या वर्गात उत्तर काढून पेन खाली ठेवायची सोय नव्हती. उत्तर आलं की बाई विचारायच्या, “हे खरं कशावरून? दुसऱ्या वाटेनं जाऊन बघ, त्याच घरी पोचतोस का.” सूत्रात आकडे भरून आलेल्या उत्तरावर त्यांचा काडीचा विश्वास नसे.

सरांनी निवृत्तीनंतर सोडवलेल्या उदाहरणांचं एक पुस्तक लिहिलं. साठ उदाहरणं, सगळी गतीवरची. शिरस्ता असा ठरला की सरांनी उदाहरण लिहायचं, बाईंनी पडताळायचं. ताजी चपाती तव्यावरून ताटात पडावी तसं उदाहरण सरांच्या टेबलावरून बाईंच्या टेबलावर यायचं. चूक क्वचितच सापडे. सापडली की बाई आठवडाभर मिरवायच्या आणि सर तोंड पाडून चहा करायचे.

पुस्तक निघालं. वर्षाच्या आतच सर गेले. मेंदूत गाठ होती.

त्याला आठ महिने झाले, तेव्हा प्रकाशकांचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची होती. “बाई, घाई नाही. पण एक पत्र आलंय, ते पाठवतो. तुम्हीच बघा.”

पत्र कुठल्याशा कॉलेजातल्या एका तरुण शिक्षिकेचं होतं. अक्षर नेटकं, भाषा अदबीची. तिनं लिहिलं होतं: ‘बेचाळिसाव्या उदाहरणात चेंडू सेकंदाला पंचवीस मीटर वेगानं, जमिनीशी सदतीस अंशांचा कोन करून फेकला आहे. पल्ला साठ मीटर दिला आहे. त्रेचाळिसाव्यात तोच चेंडू, तोच वेग, फक्त कोन त्रेपन्न अंश. पल्ला तीस मीटर, कमाल उंची सव्वाएकतीस मीटर. दोन्ही कोनांची बेरीज नव्वद होते, मग दोन्ही पल्ले सारखे यायला हवेत ना? मुलांनी मला फळ्यासमोरच पकडलं. माझंच काही चुकत असेल तर कृपया सांगावं.’

बाईंना आधी रागच आला. काल शिकवायला लागलेली पोरगी आणि निघाली सरांच्या चुका काढायला! त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि मोठ्या टेचात पेन्सिल उचलली. दोन मिनिटांत पेन्सिल खाली ठेवली. मग उठून खिडकी लावली. ती उघडी का होती आणि लावली कशाला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या शनिवारी मुलगी आली. दातांची डॉक्टर आहे ती, गावातच दवाखाना आहे तिचा. आई टेबलाशी पत्र समोर घेऊन बसलेली बघून तिनं ते वाचलं.

“एवढंच ना? छापखान्यात चुकलं असेल.”

“दोन आकडे एकदम चुकत नाहीत छापखान्यात. आणि तेही अर्थ लागेल असे.”

“म्हणजे?”

बाईंनी कागद ओढला. कुणाला काही समजवायचं असलं की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा, तसा झाला.

“पंचवीसचा तिरका वेग आहे. त्रेपन्न अंशात त्याचे उभा वीस आणि आडवा पंधरा असे दोन भाग पडतात. पृथ्वी दर सेकंदाला उभ्या वेगातले दहा खाते. मग वर जायला किती वेळ?”

“दोन सेकंद.”

“आणि खाली यायला?”

“तेवढाच. म्हणजे चार.”

“आडवा वेग पंधरा, त्याला कुणी हात लावत नाही. चार सेकंदांत?”

“साठ मीटर.” मुलगी थांबली. “म्हणजे बाबांनी फक्त वर जाण्याचा वेळ धरला. खाली येणं राहूनच गेलं.”

“हं. माथा नेहमी पल्ल्याच्या बरोबर मधोमध असतो. त्यांचे तीस मीटर म्हणजे माथ्याखालची जागा. आता उंची. वेगाचा वर्ग सहाशे पंचवीस. माथ्यावर चेंडूचा उभा वेग संपतो, पण आडवा पंधरा शिल्लक असतो. त्याचा वर्ग दोनशे पंचवीस. खर्च झाले किती?”

“चारशे.”

“त्याला दहाच्या दुपटीनं भाग. वीस मीटर. ही खरी उंची. ह्यांनी सगळेच्या सगळे सहाशे पंचवीस उंचीत खर्च केले, म्हणून सव्वाएकतीस आले. म्हणजे यांचा चेंडू माथ्यावर जाऊन ठार उभा राहिला. तिरका फेकलेला चेंडू असा उभा राहत नाही, हे त्यांनी किती पोरांना ओरडून सांगितलंय, तुला सांगू? आणि हे सगळं करायलाच नको होतं. कोन त्रेपन्नचा सदतीस केला की उभ्या-आडव्याची नुसती अदलाबदल होते. उभा पंधरा, आडवा वीस, वेळ तीन सेकंद. पल्ला पुन्हा साठच. आदल्याच पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलाय. नुसतं मान वळवून बघितलं असतं तरी कळलं असतं.”

“आई, पण तू पडताळलं नव्हतंस का हे?”

बाई उठल्या आणि कपाटातून सरांची वही काढून आणली.

लांब पानांची, खाकी पुठ्ठ्याची वही. डाव्या पानावर उदाहरण, उजव्यावर पडताळा, कोपऱ्यात तारीख. एकेचाळीसपर्यंत उजवी पानं बाईंच्या अक्षरात होती. बेचाळिसाव्याचं पानही. मग आठ दिवसांचं अंतर आणि मग त्रेचाळीस.

इथे उजव्या पानावर सरांचंच अक्षर होतं. एकदा मांडलेलं, खोडलेलं. पुन्हा मांडलेलं, पुन्हा खोडलेलं. ‘वर जायला दोन सेकंद’ हे तीनदा लिहिलं होतं, तीनदाही बरोबर, आणि तीनदाही पुढची ओळ आलीच नव्हती. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘माथ्यावर चेंडू थांबतो का?’ पुढे प्रश्नचिन्ह. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, बारीक: ‘हिला विचारणे.’

मुलीनं तारीख वाचली, मनात हिशेब केला आणि तिचा चेहरा बदलला. “आई, ही तर बाबांच्या मेंदूच्या तपासणीच्या अकरा महिने आधीची तारीख आहे.”

“हो.”

“डॉक्टरांनी विचारलं होतं आपल्याला. पहिल्यांदा कधी जाणवलं म्हणून.”

“मी सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी. शर्टाची बटणं चुकायला लागली तेव्हा.”

मग बाईंनी सांगितलं. तेव्हा त्या बोर्डाचे पेपर तपासत होत्या. अडीचशे पेपर, हातात नऊ दिवस, आणि पाठ मोडून आलेली. दुपारची वेळ होती. सर वही घेऊन दारात आले. म्हणाले, “अगं, जरा बघतेस? काहीतरी अडतंय.” त्या म्हणाल्या, नंतर. अर्ध्या तासानं पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बाईंनी मान वरही केली नाही. “अकरावीच्या पोराला येतं ते तुम्हाला येत नाही का हो? तुमचं तुम्ही करा. माझ्या डोक्याशी भुणभुण नको.”

“मग?”

“मग काय! ‘बरं बाई’ म्हणाले. हसून म्हणाले. आणि गेले.”

त्यानंतर सरांनी वही कधी आणलीच नाही. बाईंना वाटलं, रुसले. गप्प गप्प राहायचे, काही विचारलं तर हो-नाही करायचे, बाईंच्या टेबलाकडे वळायचेही नाहीत. बाईही काही कमी नव्हत्या. त्यांनीही अबोला धरला. रुसायचं तर रुसा म्हणावं, माझं काय अडलंय! एका छताखाली दोघं चार-पाच महिने जेवढ्यास तेवढं बोलले. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी पहिली प्रत बाईंच्या उशाशी ठेवली. बाईंनी ती तीन दिवस उघडली नाही. तोऱ्यात!

“ते रुसले नव्हते गं,” बाई म्हणाल्या. “ते घाबरले होते. आपल्याला येत नाही हे मला कळू नये म्हणून लपत होते. आणि मी लपू दिलं.”

मुलीनं आईचा हात धरला. “आई, तेव्हा कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ त्या जातीची होती.”

“ते मला कळतं. ते वाचले नसते. पण मी बोलले असते ना त्यांच्याशी.”

मुलीनं आपली खुर्ची आईच्या खुर्चीला लावली. बाई रडल्या, ते आवाज न करता, टेबलाची कड धरून.

सोमवारी प्रकाशकांचा फोन आला. माणूस भला होता. म्हणाला, “बाई, सरांचं नाव मोठं आहे. आपण शुद्धिपत्रात ‘मुद्रणदोष’ लिहू. कुणाला कळणार आहे?”

“ज्यानं अक्षरं जुळवली त्याचा काय दोष? त्यानं दिलं तसं छापलं.”

“मग सरांची चूक म्हणून छापायची?”

फोनमधून मागच्या यंत्राचा खडखडाट ऐकू येत होता.

“असं छापा: ‘या उदाहरणाचा पडताळा राहून गेला होता.’ आणि खाली माझं नाव घाला. तो भाग माझ्याकडे होता.”

त्या शिक्षिकेला बाईंनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. चारच ओळी. तुमचंच बरोबर आहे. मुलांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. सूत्र न वापरता दोन पल्ले शेजारी ठेवून बघितले, हे फार चांगलं केलंत. सर असते तर त्यांनाही आवडलं असतं. शेवटची ओळ लिहून त्यांनी पेन टोपणात घातलं आणि पाकीट बंद करायला पाणी आणायला गेल्या, त्या ओट्याशीच बराच वेळ उभ्या राहिल्या.

उरलेली सतरा उदाहरणं तपासायची होती. रोज सकाळी दहा वाजता बाई वही घेऊन बसायच्या. चव्वेचाळीस बरोबर होतं. पंचेचाळीसही, आणि इतकं सुरेख की क्षणभर त्यांना वाटलं, उगाच सगळं मनाचे खेळ आहेत. सत्तेचाळिसाव्यात चिन्ह उलटं होतं. पन्नासनंतर अक्षर उजवीकडे घसरत गेलेलं. चार चुका निघाल्या. त्यांतल्या दोन अशा, की ऊर्जेचा हिशेब एका ओळीत लावला असता तर लगेच उघड झाल्या असत्या. उजवी पानं सगळी कोरी होती. बाईंनी ती एकेक करून भरली.

एकोणसाठावं झाल्यावर त्यांनी वही मिटली. पुढे जाववेना. तीन दिवस टेबलावर तशीच पडून राहिली. चौथ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून मुलगी आली, बाबांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मला बारावीनंतरचं काही आठवत नाही. चुकले तर सांग.”

साठावं उदाहरण तिनं तपासलं. बाई शेजारी बसल्या होत्या. मध्ये एकदा तिनं विचारलं, “माथ्यावर नक्की काय उरतं?” आणि बाईंनी सांगितलं.