सात मिनिटांची फेरी

हिल्का दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं सूप ढवळते आणि मंगळवारी संध्याकाळी आमचा व्हिडिओ गट चालवते. वय सत्तावन्न, गुडघे गेलेले. तिच्यासारखी दमलेली आणि तरी न सोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमच्या तळ्यावर बेटापर्यंत लोखंडी दोराला धरून चालणारी, माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट आहे, म्हणजे होती. आम्ही तिला नुसतं फेरी म्हणतो. पूल झाला, ३१ ऑक्टोबरला फेरी बंद. एकतीस वर्षं ती चालवणारा ताइस्तो त्यानंतर बहिणीकडे उत्तरेला जाणार होता. हिल्कानं त्याला वसंतातच शब्द दिला होता, तू जायच्या आधी या फेरीवरची फिल्म करून दाखवीन.

पण ठरवलं काय, तर सहा भाग! बेटाचा इतिहास, कोळी, पूल, नगरपालिका, सगळंच. बैठकीत हिल्कानं विचारलं, कुणाची हरकत? आम्ही चौघंही कॉफीच्या कपात बघत बसलो. आमच्याकडे कुणी बोललं नाही म्हणजे मान्य, असंच सगळे धरून चालतात. मलाही वाटत होतं की हे झेपणार नाही, पण मीही गप्पच होते.

सप्टेंबरपर्यंत एक्केचाळीस तासांचं शूटिंग पडलेलं आणि संपादन शून्य. कॅमेरेवाला यार्को मंगळवारी 'सर्दी झाली' असा मेसेज टाकायचा. आवाजाचं बघणारी सिनी यायची आणि मोजे विणत बसायची. मी यायचे, कंप्युटर लावायचे, फोल्डर बघायचे, बंद करायचे.

मग एका मंगळवारी हिल्का हातात दालचिनीचे बन घेऊन आली, धपकन बसली.

"मी चुकले," म्हणाली. "तुमच्या गप्प बसण्याला मी होकार समजले. आज कुणी गप्प बसायचं नाही. पाच आठवडे आहेत. तुम्ही खरंच काय कराल ते चिठ्ठीवर लिहा. कराल ते. करायला हवं ते नाही."

यार्कोनं लिहिलं, 'नवीन शूटिंग नाही.' सिनीनं लिहिलं, 'आवाज करीन, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.' मी लिहिलं, 'रविवारी संपादन.' आतो नावाचा आमचा चौथा, त्यानं चिठ्ठी कोरीच दिली. हिल्का म्हणाली, बरं झालं, कळलं तरी, बन खा आणि घरी जा. तो हसला, खरंच गेला, आणि खोलीत हवा आल्यासारखं झालं.

उरलं काय? फेरी पलीकडे जायला सात मिनिटं घेते. हिल्का म्हणाली, फिल्म सात मिनिटांची. एक फेरी, एक माणूस. बाकी सगळं काढा.

बाकी सगळ्यात माझी ड्रोनची दृश्यं होती! पहाटेच्या धुक्यातली, तीन पहाटा थंडीत कुडकुडत घेतलेली. मी रडलेच, खोटं का बोलू.

"सुंदर आहेत," ती म्हणाली. "पण ताइस्तोनं ही फेरी वरून कधी पाहिलीच नाही. जपून ठेव, फेकू नकोस."

मग दर मंगळवारी पडद्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, एवढाच नियम. पहिल्या आठवड्यात फक्त कागदावर, कुठलं दृश्य कुठे. दुसऱ्यात कच्चा कट, अकरा मिनिटांचा, भयंकर. पण तो होता! यार्को त्या दिवशी सर्दीशिवाय आला. तिसऱ्यात सात मिनिटं, आणि मग हिल्कानं सांगितलं, आता दृश्यांना हात लावायचा नाही. चौथ्यात सिनीनं दोराची करकर आणि इंजिनाची घरघर नीट बसवली. पाचवा आठवडा हिल्कानं मुद्दाम रिकामा ठेवला होता, आणि तो लागलाच, कारण फिल्मच्या शेवटी येणाऱ्या नावांत मी ताइस्तोचं आडनाव चुकवलं होतं.

शेवटच्या दिवशी प्रवाशांच्या केबिनमध्ये टीव्ही टांगला. फेरी सुटली, फिल्म सुरू झाली. पण ताइस्तोनं त्या दिवशी बोट इतकी हळू नेली की फिल्म संपली आणि किनारा अजून लांबच. काळ्या पडद्यासमोर सगळे बसलेले. कुणीतरी म्हणालं, परत लावा. लावली.

पलीकडे लागल्यावर ताइस्तो केबिनमध्ये आला, टोपी काढून हिल्काशेजारी बसला. त्याच्यासाठी तिसऱ्यांदा लावली. तो पडद्याकडे बघत होता, हिल्का डोळे मिटून.

"माझे हात इतके म्हातारे झालेत?" त्यानं विचारलं.

"सहा भाग केले असते तर ते पुरे होईपर्यंत अजून म्हातारे झाले असते," ती डोळे न उघडता म्हणाली.

त्यानं मान हलवली. बाहेर परतीच्या गाड्या थांबल्या होत्या, तरी तो शेवटची नावं संपेपर्यंत उठला नाही. मग हिल्काला हात देऊन उठवलं, कारण तिचे गुडघे धरले होते, आणि परतीची फेरी न्यायला गेला.