चुंबक उलटवला नव्हता

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत मी दुर्गच्या बाजूला एका कॉलेजात भौतिकशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नवरा कारखान्यात रोलिंग मिलला. सेक्टरमधल्या क्वार्टरमधून मी बसनं जायची, आणि सुपेल्याच्या चौकात बस अडकली की मनातल्या मनात विभागप्रमुखांशी भांडायची. कारण समोर भांडायची मुभा नव्हती.

विभागात व्हॅक्यूमचं एक भांडं होतं, पंप होता. टेल्युरियम नावाचा धातूसारखा चमकणारा पदार्थ तापवून त्याची वाफ काचेच्या पट्टीवर बसवायची, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ थर तयार होतो. पितळेच्या पत्र्यात खाचा कापून साचा मीच केला होता. चुंबकीय क्षेत्रासाठी मोठा विद्युतचुंबक हवा होता. विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुपेल्यात मोटारी भरणाऱ्या दुकानात बसून गुंडाळ्या भरून घेतल्या. महिनाभर ये-जा केली. दुकानदार विचारायचा, "बाई, ही मोटार फिरंल कशी?" मी सांगायची, फिरायची नाही, नुसती ओढ लावायची.

मोजणी अशी होती. थराच्या लांबीतून करंट सोडायचा, वरून थराला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावायचं. धावणारे विद्युतकण एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज उभं राहतं. आम्ही त्याला आडवं व्होल्टेज म्हणायचो. ते कुठल्या चिन्हाचं आहे यावरून कळतं की आत ऋण इलेक्ट्रॉन धावतात की धन पोकळ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. किती आहे त्यावरून कळतं की कण किती. कण कमी असले की व्होल्टेज जास्त. आणि थराचा रोधही मोजला की कण किती चपळ आहेत, तेही निघतं.

प्रमुखांनी एका दुपारी स्वतः रीडिंग घेतलं. उणे अकरा मिलिव्होल्ट. त्यांनी लगेच आकडेमोड केली. इलेक्ट्रॉन, कणांची संख्या फारच कमी, चपळता फारच जास्त. इतकी जास्त की त्यांचा चेहरा उजळला. नागपूरच्या परिषदेला लेख जाणार हे त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं. लेखाच्या शेवटी माझे आभार मानायचं ठरलं होतं.

मला खटकलं. त्यांनी चुंबक एकाच दिशेनं लावला होता. दोन्ही कडांवरच्या तारा अगदी समोरासमोर कधीच बसत नाहीत. चांदीचा लेप लावताना हात कितीही स्थिर ठेवा, एक टोक थोडं पुढे जातंच. मग करंट वाहताना जे लांबीचं व्होल्टेज पडतं त्याचाच एक तुकडा आडव्या रीडिंगमध्ये शिरतो. त्याचा चुंबकाशी काही संबंध नसतो.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात असताना मी चुंबकाचा करंट उलटवून रीडिंग घेतलं. उणे पंधरा. चुंबक उलटवला की खरं आडवं व्होल्टेज उलटतं, शिरलेला तुकडा मात्र तसाच राहतो. दोन्हीतली वजाबाकी करून निम्मं केलं तर हाती येतं अधिक दोन. अधिक! म्हणजे पोकळ्या. आणि व्होल्टेज त्यांनी मानलं त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे कण पाचपटीहून जास्त आणि चपळता तितकीच कमी. त्यांना आवडलेली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. मी थरातला करंटही उलटवून पुन्हा मोजलं. तेच आलं.

ते आले तेव्हा मी सांगितलं.

"तारा उलट्या जोडल्या असतील तुम्ही," ते म्हणाले.

"सर, तारा त्याच आहेत. जर्मेनियमचा आपला तपासलेला, नक्की इलेक्ट्रॉनवाला तुकडा याच तारांनी मोजला, चुंबक उलटवून. तो बरोबर उणे येतो."

"मग त्याच्या उलट्या असतील."

मी पुढे झाले आणि चुंबकाचा स्विच बंद केला. गॅल्व्हनोमीटरचा प्रकाशाचा ठिपका शून्याकडे यायला हवा होता. तो जेमतेम हलला आणि बाजूलाच थांबला. पोटेन्शिओमीटर जुळवून मी आकडा वाचला. उणे तेरा.

"सर, चुंबकच नाही, तरी तेरा मिलिव्होल्ट. हे काय मोजतोय आपण?"

ते ठिपक्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. कळलं नसतं तर मला राग आला नसता, खरंच सांगते. मग ते शांतपणे म्हणाले, "लेख गेलाय. घरी मुलं असतील ना तुमची? चार वाजले, निघा."

मुलं नव्हती मला. बसमध्ये माझे कान तापले होते.

घरी नवऱ्यानं पाहिलं. ते पहिल्या शिफ्टहून येऊन बसले होते. "कावून इतकी भडकून राहिली? काय झालं?"

मी पोळपाटावर पोळी लाटत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे काटाच वाकडा, अन् तो म्हणते माल जास्त भरला?"

"हो. अन् त्याले माहीत हाय."

"मंग तू त्या परिषदेतच सर्वायसमोर विचार ना. मले तर हेच समजते."

मी आभारातून माझं नाव काढायला लावलं. प्रमुखांनी काढलं, आणि त्याच आठवड्यात चुंबकाच्या खोलीची किल्लीही मागून घेतली. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं माझ्याकडे आली. भिंगं, दोलक, कॅलरीमीटर.

परिषदेला मी स्वखर्चानं गेले. माहेर नागपूरलाच. मागच्या रांगेत बसले. प्रमुखांनी लेख वाचला. त्यांचं इंग्रजी छान होतं, हे मान्य करते. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. रागानं आवाज नको तितका मोठा निघाला. "चुंबकीय क्षेत्र उलटवून रीडिंग घेतलं होतं का?"

ते हसले. "ह्या आमच्याच डेमॉन्स्ट्रेटर आहेत. फार उत्साही." सभागृहात थोडं हसू पसरलं. त्या हसण्यात कुणी दुष्ट नव्हतं, पण मला प्रत्येकाचं तोंड आजही आठवतं.

अध्यक्ष म्हणून बसलेले वयस्कर प्राध्यापक मात्र हसले नाहीत. "प्रश्न बरोबर आहे. घेतलं होतं का?"

"वेळेअभावी..." ते म्हणाले.

"म्हणजे नाही," अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. लेख छापला गेला नाही.

इथं संपलं असतं तर मी आज शांतपणे सांगितलं असतं. पुढच्या वर्षी माझी नेमणूक वाढवली नाही. कारण विचारलं तर जागा भरायची नाही म्हणाले, आणि जुलैत तिथं एक मुलगा रुजू झाला. मी सेक्टरमधल्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कारखान्याच्या वाचनालयात एका नियतकालिकात प्रमुखांचा लेख पाहिला. टेल्युरियमचा पातळ थर, पोकळ्या, कणांची संख्या, चपळता. चुंबक दोन्ही दिशांनी, करंट दोन्ही दिशांनी, टोकांच्या तिरकेपणाचं व्होल्टेज वजा केलेलं. सगळं अगदी बरोबर. थरांची जाडीसुद्धा नीट मोजलेली. लेखक एकच.

मी तो अंक टेबलावर आपटला. ग्रंथपालानं मान वर करून पाहिलं. बाहेर आले तर कारखान्याच्या झोतभट्टीच्या बाजूचं आभाळ लाल झालं होतं, आणि रस्त्यानं शिफ्ट सुटलेली माणसं सायकलींवरून चालली होती. मी त्यांच्यामधून झपाझप चालत निघाले. कुणीतरी ओळखीचं "नमस्कार बाई" म्हणालं. मी उत्तर दिलं नाही. त्या माणसाचा यात काही दोष नव्हता.