गुरुवारच्या बाजाराची बोली

ग्रामपंचायतीचा पैसा कुठून येतो, हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असूनही ते सांगत नाहीत. मी ग्रामसेविका म्हणून लागले. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. दारावरची पाटी बदलली, टेबल तेच आहे, आणि टेबलासमोर येऊन "मॅडम, पैसे कुठं गेले?" असं विचारणारी माणसंही तीच आहेत.

हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरच्या बाजूला, माझ्या नेमणुकीचं गाव होतं. तिथे गुरुवारी बाजार भरायचा. आसपासच्या खेड्यांतून भाजीवाल्या, मसालेवाले, बांगड्यावाले, बकऱ्या विकणारे यायचे. त्यांनी बसण्याची फी द्यायची आणि ती पंचायतीच्या तिजोरीत जायची. ही फी आम्ही स्वतः गोळा करत नसू. दर मार्चमध्ये वसुलीचा लिलाव व्हायचा. जो जास्त बोली लावेल त्याला वर्षभराचा ठेका. त्याने पंचायतीला हप्त्यांनी पैसे भरायचे आणि बाजारातून फलकावरच्या दराने वसूल करायचे.

सरकारकडून अनुदान येतं, नाही असं नाही. वित्त आयोगाचा निधी येतो, पण तो मामाने लग्नात दिलेल्या लुगड्यासारखा असतो. नेसा, मिरवा, विकता मात्र येत नाही. त्यातला एक वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच लागला पाहिजे. दुसरा वाटा आराखड्यात लिहिलेल्या कामांना. कर्मचाऱ्यांच्या पगाराला त्यातला रुपयाही चालत नाही. पगारात सरकार आपला हिस्सा देतं, आमचा हिस्सा आम्ही घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजारातून काढायचा. घरपट्टीचं म्हणाल तर ती निवडणुकीच्या वर्षी छान वसूल होते, कारण थकबाकी असली तर उमेदवाराचा अर्ज उडतो. एरवी "पुढच्या महिन्यात देतो मॅडम" हा आमच्या गावचा रामराम होता.

आमचा पाणी सोडणारा माणूस विहिरीवरचा पंप चालवायचा, व्हॉल्व फिरवायचा, फुटलेली पाइपलाइन जोडायचा. त्याच्या पगारातला पंचायतीचा हिस्सा कित्येक महिन्यांपासून थकला होता. तो कधी भांडला नाही. सकाळी कार्यालयात यायचा, खुर्चीच्या पाठीला टेकून उभा राहायचा आणि विचारायचा, "मॅडम, यंदा लिलाव कवा हाय?" मला त्याचा रागही यायचा आणि भरूनही यायचं. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या मार्चमध्ये लिलावाला दोन माणसं समोरासमोर बसली. एक नेहमीचा ठेकेदार, आमच्याच गावचा, दरवर्षी थोडं वाढवून ठेका घेणारा. दुसरा सिमेंटचा व्यापारी. हे दोघं मागच्या निवडणुकीत एकाच वॉर्डातून एकमेकांविरुद्ध उभे होते आणि मतं फुटून दोघंही पडले होते. बाजार काय असतो हे त्याने गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा कधी पाहिलं नसावं. त्याच्या घरी भाजी हिंगणघाटहून यायची. पण हौसेला मोल नसतं, आणि खुन्नसला तर मुळीच नसतं. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने मिशी चोळून त्यावर चढायचं. मागच्या वर्षीचा आकडा कधीच मागे पडला. सदस्य मांड्या थोपटून हसत होते, खिडकीत पोरं जमली होती. दुप्पट झालं, तरी थांबेनात.

सरपंचताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेलेल्या, सरपंचपद राखीव झालं म्हणून निवडून आलेल्या. त्या कानाशी आल्या. "मॅडम, हे बराबर नाई होऊन राह्यलं. थांबवता येते का?"

"जास्त बोली आली म्हणून लिलाव कसा थांबवू, ताई?"

"एवढा पैसा हा मानूस काढन कोठून?"

मी पुढचा आकडा वहीत लिहिला. नेहमीचा ठेकेदार शेवटी हात जोडून उठला, "घ्या बाप्पा तुमीच," म्हणाला. एकवार, दोनवार, तीनवार झालं आणि ठेका व्यापाऱ्याकडे गेला. त्याने अनामत ठेवली, पहिला हप्ता रोख भरला, आणि त्याच आठवड्यात पाणीवाल्याचा थकलेला पगार निघाला. तो पेढे घेऊन आला. त्या दिवशी पंचायतीत सगळे एकमेकांशी गोड बोलत होते.

एप्रिल लागला आणि बाजारात व्यापाऱ्याची दोन माणसं फिरू लागली. फलकावर दर स्पष्ट होते, आणि आमच्या लोकांना वाचता येत नाही असंही नव्हतं. पण टोपलीवालीला ते गाडीवाल्याचा दर सांगायचे, नाही म्हटलं तर टोपली पायाने सरकवायचे. कडुलिंबाखाली एक म्हातारी वांगी आणि सांबार घेऊन बसायची. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ती शेजारच्या गावची, स्वतःच्या तुकड्यातला माल डोक्यावर आणणारी. त्या जागेवर आधी तिची सासू बसायची. गुरुवारच्या त्या टोपलीवर तिचं तेल-मीठ आणि औषध चालायचं, दुसरी मिळकत नव्हती. ती पहिल्या महिन्यातच कार्यालयात आली.

"मॅडम, फलक तुमचा की त्यायचा?"

"आमचा, मावशी."

"मंग तुमचं कोनी काऊन आयकत नाई?"

मी व्यापाऱ्याला नोटीस काढली. तो आला, खुर्चीत बसला आणि मला वाटलं होतं तसा उर्मट निघाला नाही. चेहरा उतरला होता. "मॅडम, फलकाच्या दरानं घेतलं तं वर्षाच्या आखरीले हप्त्याचं अर्धंही निघत नाई. मी हिशेब करून पाह्यला. सांगा, कोठून भरू?" मला त्याची कीव आली, खरंच आली. पण त्याच्या मूर्खपणाची भरपाई वांग्याच्या टोपलीने का करायची, हे मला कळेना, आणि तेही मी त्याला सांगितलं.

मग बायकांनी आपला मार्ग काढला. गावाबाहेर, पेट्रोलपंपाच्या पुढे राज्य रस्त्याला शेजारच्या पंचायतीची हद्द लागते. तिथे बाजार नाही, म्हणून फीही नाही. एका गुरुवारी दोघीतिघी तिथे बसल्या, पुढच्या गुरुवारी रांग लागली. गिऱ्हाईक मोटारसायकल उभी करून तिथेच भाजी घेऊ लागलं. आमच्या बाजाराच्या ओट्यांवर कुत्री झोपू लागली. व्यापाऱ्याने दुसरा हप्ता भरला नाही. पाणीवाल्याचा हिस्सा पुन्हा थकला, आणि तो पुन्हा खुर्चीला टेकून उभा राहू लागला.

म्हातारी मात्र हलली नाही. कडुलिंबाखाली ती एकटीच. मी विचारलं, तिकडे का जात नाही. म्हणाली, "एक डाव जागा सोडली का गेली, मॅडम. बाजार काई कायमचा बसून नाई राह्यत."

ऑगस्टच्या ग्रामसभेच्या दिवशी ती दुपारी टोपलीसकट आली. आदल्या बाजाराचा माल तसाच होता, वांगी सुकलेली, सांबार पिवळा पडलेला. टोपली तिने सभामंडपाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि दारातच उभी राहिली. आत सगळे ठेक्यावरच बोलत होते. अटीत लिहिलं होतं, फलकापेक्षा जास्त घेतलं किंवा हप्ता थकवला तर ठेका रद्द, अनामत जप्त. दोन्ही झालं होतं. तरी निम्मी सभा म्हणत होती, त्याला मुदत द्या, एवढी बोली पुन्हा कोण लावणार, पंचायतीचं नुकसान कशाला करता.

म्हातारीने दारातून तोंड उघडलं तसा एक जण ओरडला, "तू या गावची नाई मावशी. ग्रामसभेत तुयं काम नाई."

नियमाने तो बरोबर होता. ती मतदार दुसऱ्या गावची. सरपंचताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी अध्यक्ष हावो. मी तिले बोलाची परवानगी देतो," म्हणाल्या. "पैसे इथं देते, तं बोलनही इथंच."

म्हातारीने नुसतं उंबऱ्यावरच्या टोपलीकडे बोट दाखवलं. मग सरपंचताई स्वतःच बोलल्या. मोठ्या आवाजात नाही. "बाजाराचा पैसा आपल्याले गोड लागते, काऊन का तो दुसऱ्या गावच्या पदरातून येते. ती बाई इथं मत देत नाई, म्हनून तिच्यावर कितीही चढवा. घरपट्टीचं नाव काढलं का सारे खाली पाह्यते. पानी कोन पेते? आपन. पानी सोडनाऱ्याचा पगार मंग त्या वांगेवालीनं काऊन द्यावा?"

मला इतका आनंद झाला की लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. असं बोलायचं धाडस मला नोकरीत कधी झालं नव्हतं, आणि मी तर नियमांची पुस्तकं वाचलेली.

ठराव झाला. ठेका रद्द, यापुढे वसुली पंचायत स्वतः करेल, फलकाच्या दराने, पावती देऊन. घरपट्टीच्या थकबाकीसाठी सदस्यांनी आपापल्या वॉर्डात घरोघरी फिरायचं. हे शेवटचं ऐकून काही चेहरे लांबले, पण हात वर झाले. म्हातारी तोवर टोपली उचलून निघून गेली होती. सुकलेली वांगी बैलाला घालायची होती तिला.

पुढच्या गुरुवारी पावतीपुस्तक घेऊन पाणीवाला निघाला, आणि पहिला दिवस म्हणून मीही सोबत गेले. रस्त्यावरच्या बायकांना निरोप धाडला होता, पण अजून कोणी आलं नव्हतं. कडुलिंबाखाली म्हातारी बसली होती. तिच्या उजव्या-डाव्या हाताला एकेक रिकामं पोतं अंथरलेलं, कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या.

पाणीवाल्याने पावती फाडली. तिने कमरेची थैली सोडली आणि त्याच्या हातावर पैसे ठेवले. ते तिघींचे होते.

"एवढे कायचे, मावशी?"

"या दोघीयच्या जागायचे. त्या रोडवर गेल्या, मी त्यायच्या जागा धरून ठेवल्या. पोतं आथरलं का पैसे लागते म्हने तो ठेक्याचा मानूस. दर बाजारी देतो मी."

"रिकाम्या जागेले फी नाई लागत," तो म्हणाला. "बसते त्यालेच लागते."

म्हातारीने त्याच्या हातातल्या नाण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मंग आतापर्यंत देल्ले ते?"

व्यापाऱ्याच्या माणसांनी काय घेतलं याची पावती तिच्याकडे नव्हती, आणि असती तरी परत द्यायला आमच्या हिशेबात तसा खर्चाचा रकानाच नाही. बाजार ओस पडल्यावर, विकून काही हाती येत नसताना, ही बाई तीन जागांची फी भरत होती. जास्तीच्या दराने. मी मान खाली घातली.

पाणीवाला तिच्यासमोर उकिडवा बसला. जास्तीचे पैसे त्याने तिच्या ओंजळीत परत ठेवले. "मावशी, त्या ठेक्याच्या पहिल्या हप्त्यातून माया पगार निघाला, अन् तो हप्ता त्यायनं तुयाकडूनच वसूल केला," तो म्हणाला. "म्हंजे तुये पैसे मायाच घरी आले."

तिने पैसे थैलीत टाकले.

"लेकरंबाळं हायेत का तुले?"

"हो. दोन."

"मंग वाया नाई गेले," ती म्हणाली, आणि एका पोत्याची सरकलेली वीट तिने हाताने सरळ केली.