फोटोतून कापलेली शेपूट

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत कॅबच्या फेऱ्या लावतो आणि राहतो मुळशीत, धरणाच्या वरच्या अंगाला. कमी बोलणारा माणूस म्हणून गावात माझी ओळख आहे. ती मला बरी वाटते, कारण न बोलण्यात बरंच झाकून जातं. तीन वर्षं मी एक गोष्ट अशीच झाकून ठेवली होती.

सुट्टीच्या दिवशी मी जनावरं-पाखरांचे फोटो काढतो आणि आमच्या खोऱ्याच्या नावानं उघडलेल्या पेजवर टाकतो. हिंजवडीच्या टॉवरमध्ये राहणारी मंडळी ते आवडीनं बघतात. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर निघालो असताना डोंगराकडेच्या पायवाटेवर एक जनावर दिसलं. फोटो मोबाईलवर घेतला, मोठा केला, मधला भाग कापला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या वाटेवर बिबट्या!’ दुपारपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. कंपनीत लोक माझ्या टेबलाशी येऊन विचारू लागले. मला ते गोड लागलं.

संध्याकाळी पूर्ण फोटो कॉम्प्युटरवर उघडला. कापलेल्या भागात शेपूट होती. आखूड, जेमतेम मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत, टोकाला काळी, तिच्यावर काळी कडी. रानमांजर होतं ते. बिबट्याची शेपूट लांब असते, पार जमिनीपर्यंत येऊन वर वळते. चूक कुणाचीही होते, पण चूक कळल्यावर मी गप्प बसलो. कुणीतरी खाली लिहिलं, ‘पूर्ण फोटो टाका ना.’ मी उत्तर दिलं, ‘डिलीट झाला.’ फोटो माझ्यापाशी होता. आजही आहे.

आमच्या शेजाऱ्याची मोठी मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. पौडचं कॉलेज आणि सकाळची एकच एसटी. एसटी गाठायला अर्धा तास त्याच पायवाटेनं चालावं लागायचं. माझी पोस्ट बघून बापानं तिचं जाणं बंद केलं. मग तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली. बाहेरून सायन्स करता येत नाही, म्हणून आर्ट्स. आता ती पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. समोरून येताना ‘काका’ म्हणून हसते. मी मान खाली घालतो. तिला वाटत असेल, लाजाळू आहे.

यंदा धाकटी अकरावी सायन्सला गेली. वाट तीच.

दिवाळीनंतर एका सकाळी, नीट उजाडलंही नव्हतं, त्याच वाटेवर पुन्हा काहीतरी आडवं गेलं. तीन फोटो मिळाले. तिन्हींत भुरकट अंग, मागचा भाग गवतात, शेपूट नाहीच. पुढे ओहोळाच्या चिखलात ठसे होते. मी घरी पोचायच्या आत शेजारी दारात हजर.

“दादा, पोरगी वाटंवरनं माघारी आली, म्हणती तुमी ओहोळापाशी वाकून फोटू काढत व्हता. काय हाय?”

“सांगतो. जरा बघू दे.”

“बघायचं काय त्यात? रानमांजर हाय म्हणा की. पोरीची शाळा मी पुन्यांदा बंद न्हाई करनार. थोरलीनं वरीसभर माझ्याशी तोंड उघडलं न्हाई.”

खरं सांगतो, त्या क्षणी तसंच म्हणावंसं वाटलं. एका पोरीचं नुकसान केलंच होतं, निदान दुसरीचं भरून निघेल. फक्त दोन शब्द लिहायचे, ‘रानमांजर आहे.’ पण मग तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यात आणि आताच्या माझ्यात फरक काय? तेव्हा माहीत नसताना भीती घातली, आता माहीत नसताना धीर देणार. आणि चुकलं तर या वेळी पोरगी वाटेवर असणार.

मी वनखात्याच्या गार्ड मॅडमना फोन केला. दुपारी त्या स्कूटरवरून आल्या. ठशाशेजारी पट्टी ठेवून त्यांनी फोटो घेतले.

“नखं उमटलेली नाहीत. कुत्रं नाही, तरसही नसावं. मांजरकुळातलं आहे.”

“केवढं?”

“ओल्या चिखलात ठसा पसरतो, काका. मोठं रानमांजर म्हणा, नाहीतर लहान बिबट्या. मी कुठलंच लिहून देणार नाही.”

शेजारी वैतागला. “मंग मॅडम, सरकार तुमाला पगार कशाचा देतं?”

“नाही कळलं तर नाही म्हणायचा,” त्या म्हणाल्या आणि ओहोळाजवळच्या झाडाला त्यांनी कॅमेरा बांधला. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. जाताना मला म्हणाल्या, “गावाला नेमकी वाट सांगा. पेजवर मात्र ठिकाण टाकू नका, रविवारी गाड्या भरून लोक बघायला येतील. आणि कुणीही एकटं जायचं नाही. उजाडल्यावर, दोघी-तिघींनी, मोठ्यानं बोलत जायचं. दिसलंच तर पळायचं नाही.”

मी बसून लिहिलं. ते जसंच्या तसं देतो.

‘मांजरकुळातला प्राणी. रानमांजर किंवा लहान बिबट्या. ओळख नक्की नाही.

टीप: पहाटेच्या अंधुक उजेडात, लांबून, काही क्षण पाहिला. शेपूट दिसली नाही. ठिपकेही दिसले नाहीत, पण तेवढ्या उजेडात ते नव्हतेच असं म्हणता येत नाही. ठशांत नखं नाहीत. ठसा पसरलेला असल्यानं मापावरून काही ठरवलेलं नाही. फोटो न कापता देत आहे. ठिकाण मुद्दाम दिलेलं नाही. पक्कं कळलं तर इथेच दुरुस्ती लिहीन.

आणखी एक. तीन वर्षांपूर्वी मी ज्याला बिबट्या म्हटलं, ते रानमांजर होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. फोटो डिलीट झाला हे खोटं होतं. तो पूर्ण फोटो खाली आहे.’

पोस्ट करायच्या आधी हा मजकूर घेऊन मी शेजाऱ्याच्या ओट्यावर गेलो. पेजवर वाचून त्यांना कळणं बरं नव्हतं. मी वाचून दाखवलं. शेजारी उठला, माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि गोठ्याकडे निघून गेला.

थोरली कारखान्यातून नुकतीच आली होती. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि जुना फोटो मोठा करून शेपूट बघितली.

“काका, त्याच सांजंला कळलं व्हतं?”

“व्हय.”

“आन् आमचं घर किती लांब हाय तुमच्या दारापासनं?”

पंधरा पावलं आहे. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, “मंग मी उद्या जाऊ का नगं?”

मी म्हणालो, “बिबट्या आहे का, हे मला माहीत नाही. नाही असं सांगून तुला पाठवणार नाही. पण एकटी गेली नाहीस तर वाट बंद करायचं कारणही नाही. रोज रस्त्यापर्यंत मी येतो.”

“तुमी नगा येऊ,” थोरली म्हणाली. “मी सोडीन तिला. माझी कारखान्याची गाडी बी तितनंच जाती, फकस्त अर्धा तास आदी निघावं लागंल.” मग गोठ्याकडे तोंड करून ओरडली, “आबा, ती जानार हाय! ऐकलं का?”

आतून बादली आपटल्याचा आवाज आला. नकार मात्र आला नाही.

मी तिथेच उभं राहून पोस्ट टाकली. खाली लोकांनी लिहायचं ते लिहिलं. कुणी ‘शाब्बास’ म्हणालं, कुणी ‘खोटारडा’. दुसरा शब्द बरोबर आहे, मी तो पुसला नाही.

कॅमेऱ्यात आतापर्यंत साळिंदर, गावातली दोन कुत्री आणि रोज सकाळी दोन बहिणी आल्या आहेत. मॅडमनी बहिणींचा एक फोटो पुसून टाकायच्या आधी मला दाखवला. दोघींची तोंडं उघडी होती, धाकटीचा हात वर. मोठ्यानं भांडत चालल्या होत्या. घरी येऊन मी नोंदीखाली लिहिलं, ‘अजून काही मिळालेलं नाही. ओळख अनिश्चितच.’